प्रेग्नन्सीतलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गरोदर बायकांच्या ओपीडीत बसते. खालचे बरेचसे प्रश्न तिथे रोज कोणी ना कोणी विचारतंच, कधी स्वतः ताई, कधी सोबत आलेल्या सासूबाई, कधी बाहेर थांबलेला नवरा. उत्तरं सगळ्यांसाठी सारखी लागू होतील अशीच लिहिलीत, पण किडनीचा आजार, मुतखडा, पॅराथायरॉइडचा त्रास किंवा आधीपासून बीपी असेल तर तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

रोज नेमकं किती लागतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे गरोदरपणात दिवसाला १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ६०० आययू व्हिटॅमिन डी, आणि बाळाला अंगावर पाजत असताना कॅल्शियम १२०० मि.ग्रॅ. आता गंमत बघा, गरोदर नसलेल्या बाईलाही १००० च सांगितलंय. म्हणजे गरज अचानक दुप्पट होते असं काही नाही. शरीर स्वतःच सोय करतं, दिवस राहिले की आतडी अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुपटीने ओढायला लागतात. अडचण अशी की ओढायला मुळात ताटात काहीतरी असावं लागतं आणि ओढायचं काम व्हिटॅमिन डी शिवाय नीट होत नाही. आपल्याकडे दोन्हीची बोंब असते, आणि ती दिवस राहायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असते, प्रेग्नन्सीत फक्त पहिल्यांदा कोणीतरी विचारतं.

बाळ आईच्या हाडातून, दातातून कॅल्शियम घेतं हे खरं का?

हाडातून हो, दातातून नाही. जन्माला येईपर्यंत बाळाच्या हाडांमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम कॅल्शियम साठलेलं असतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातं, तेव्हा दिवसाला २५०-३५० मि.ग्रॅ. बाळाकडे जात असतं. आईच्या खाण्यातून ते आलं नाही तर आईच्या हाडातून काढलं जातं. दात मात्र एकदा तयार झाले की त्यातून कॅल्शियम परत बाहेर येत नाही. गरोदरपणात दात हलतात, हिरड्यांतून रक्त येतं ते हॉर्मोन्समुळे हिरड्या सुजतात म्हणून, आणि उलट्यांमधलं ॲसिड दातांना लागतं म्हणून, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे जा, कॅल्शियमची गोळी वाढवून ते थांबणार नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?

हा प्रश्न खूप येतो आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे शरीरातला साठा नाही. हृदय, स्नायू, नसा हे सगळं रक्तातल्या कॅल्शियमवर चालतं म्हणून शरीर ती पातळी काहीही करून धरून ठेवतं, कमी पडायला लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून रक्तात टाकते. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं दिवसाला ३०० मि.ग्रॅ. वर जगत असली तरी रिपोर्ट नॉर्मलच येणार. ताटात कमी आहे का हे कळायला रक्त नाही, ताटच बघावं लागतं.

याच्या उलटही होतं. रिपोर्टमध्ये ८.४ आलं आणि खाली लाल खूण, घरचे घाबरतात. गरोदरपणात रक्तात पाणी वाढतं, अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन पातळ होतं, आणि रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम याच प्रोटीनला वगैरे चिकटून फिरत असतं, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो. हिशोब साधा आहे, ४ मधून तुमचं अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन ३.२ असेल तर ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, आणि ८.४ अधिक ०.६४ म्हणजे ९.०४, म्हणजे नॉर्मल. खरंच कमी झालेलं असेल तर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं आपोआप आखडून वाकडी होतात. असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तेव्हाच दवाखान्यात जा.

मी तर सगळं खाते, मला कसं कमी पडेल?

एका ताईंचं उदाहरण घेऊ, पाचवा महिना, नाशिकजवळचं गाव, शाकाहारी, घरात म्हैस आहे पण दूध डेअरीला जातं. सकाळ-संध्याकाळ चहा, दोन्हींत मिळून १०० मिली दूध, त्यातून साधारण १२० मि.ग्रॅ. मिळालं. नाष्ट्याला पोहे, जेमतेम २०. दुपारी तीन चपात्या, बटाट्याची भाजी, वरण मिळून ६०. रात्री भात, आमटी, भेंडीची भाजी, ९० धरू. वर एखादा चमचा दही, शेंगदाण्याची चटणी. झाले ३०० च्या आसपास. पोट भरलंय, जेवण घरचं आहे, आणि तरी गरजेच्या एक तृतीयांशच. गहू आणि तांदळात कॅल्शियम नगण्य असतं, आणि आपलं अर्ध्याहून जास्त पोट त्यांनीच भरतं, हे मूळ कारण.

त्यांच्या जेवणात आम्ही काय बदललं तर रात्री झोपायच्या आधी एक ग्लास दूध (२०० मिली, २४०), दुपारी एक वाटी दही (१२०), दोन चपात्यांच्या जागी एक जाडसर नाचणीची भाकरी (५० ग्रॅम पीठ, १८०) आणि आठवड्यातून जमेल तितक्या वेळा शेवग्याचा पाला, शेवगा परसात होताच. ५० ग्रॅम पाल्यातून १५० मिळतात. ३०० चे ९९० झाले. पण हे रोज जमत नाही हे मलाही माहितीय, दूध विकून हप्ते फेडायचे असतात, म्हणून गोळी आहे.

नाचणी, तीळ, पालक यात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं म्हणतात?

आकड्यात असतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० आणि तिळात तर १२०० च्या वर. पण तीळ आपण १०० ग्रॅम खात नाही, एक चमचा खातो. आणि आत किती शिरतं हे वेगळं. पालकात ऑक्झलेट इतकं असतं की त्यातलं कॅल्शियम जवळजवळ सगळं बांधलं जाऊन बाहेर पडतं, पालक लोहासाठी आणि फोलेटसाठी खा, कॅल्शियमच्या हिशोबात धरूच नका. अळूचंही थोडं तसंच. मेथी, शेवगा या भाज्या त्या मानाने चांगल्या. नाचणीत फायटेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, पण पीठ रात्रभर आंबवून आंबील केली किंवा नाचणीला मोड आणून सत्त्व केलं तर फायटेट कमी होतं, आपल्या आज्या करायच्या ते बरोबरच होतं. मासे खाणाऱ्यांसाठी काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, सुकट, हे फार चांगले, कारण कॅल्शियम काट्यात असतं. फक्त सुक्या मासळीत मीठ खूप, बीपी असेल तर बेताने.

आपल्याकडे एवढं ऊन, मग व्हिटॅमिन डी कमी कसं?

ऊन आहे, पण ते कातडीपर्यंत पोचत नाही. लखनौमधल्या २०७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात साधारण ८४ टक्के जणींचं व्हिटॅमिन डी कमी निघालं, आणि शहरातल्या आणि खेड्यातल्या बायकांमध्ये फरक जवळपास नव्हताच. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो कारण सगळ्यांना वाटतं की ही फ्लॅटमधल्या बायकांची भानगड आहे. शेतात जाणारी बाई पण डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्यांचा नवऱ्याचा शर्ट घालून खुरपते, उघडा राहतो फक्त चेहरा आणि पंजे. पुण्यात स्कूटरवर स्टोल, सनकोट, हातमोजे. मुंबईत लोकलमधून ऑफिस आणि ऑफिसमधून लोकल.

त्यात आपली त्वचा सावळी, मेलॅनिन हे नैसर्गिक सनस्क्रीनच आहे त्यामुळे तेवढंच व्हिटॅमिन बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्वचेत डी बनवतात ते उन्हातले यूव्हीबी किरण काचेतून येत नाहीत, म्हणजे खिडकी बंद करून उन्हात बसलात तर ऊब मिळेल, डी मिळणार नाही. शहरातला धूर-धूळ ते किरण अडवतात, पावसाळ्याचे चार महिने ढग. आणि अन्नात डी जवळपास नाहीच, अंड्याच्या बलकात थोडं, बांगडा-तारली-रावससारख्या तेलकट माशांत बऱ्यापैकी, शाकाहारी जेवणात म्हणाल तर वरून मिसळलेलं दूध किंवा तेल सोडून काहीच नाही.

परदेशात असलेल्या आपल्या मुलींसाठी वेगळं सांगते, इंग्लंड-आयर्लंडमध्ये ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत डी बनतच नाही, तिथे गरोदर बायकांना रोज ४०० आययू घ्यायला सरकारी आरोग्यसेवाच सांगते. "इकडे चालते खूप, ऊन घेते" याने जानेवारीत काही होणार नाही.

सकाळचं कोवळं ऊन घेतलं तर पुरतं ना?

नाही पुरत, आणि हे ऐकून बायकांना फार वाईट वाटतं. सकाळी सातच्या उन्हात किरण तिरपे येतात, यूव्हीबी वाटेतच गळून जातं. ओळखायची खूण म्हणजे तुमची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर डी बनतंय, लांब असेल तर जवळपास नाही. म्हणजे आपल्याकडे साधारण ११ ते ३. तेव्हा हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून गच्चीवर १५-२० मिनिटं. पण विदर्भात मे महिन्यात भर दुपारी गरोदर बाईला उन्हात उभं करा असं मी कधीच सांगणार नाही, चक्कर येईल, पाणी कमी पडेल. उन्हाळ्यात साडेदहा-अकराला थोडा वेळ, हिवाळ्यात निवांत. बाकीचं गोळीतून.

सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या कधीपासून आणि कशा घ्यायच्या?

केंद्र सरकारच्या २०१४ च्या गाइडलाइनप्रमाणे १४ व्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत आणि नंतर सहा महिने, रोज दोन गोळ्या. एका गोळीत ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि २५० आययू डी३. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात फुकट मिळतात, दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते तेव्हा मागून घ्या, आशाताईंनाही विचारा.

दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका. आतडी एका वेळी साधारण ५०० मि.ग्रॅ. पर्यंतच नीट शोषतात, एकदम हजार घेतलं तर बरंचसं वाया. या गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, त्यांना विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं म्हणून जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच, उपाशीपोटी नाही. आणि लोहाच्या गोळीपासून निदान दोन तास लांब, दोन्ही एकत्र गेल्या तर लोह शोषलं जात नाही. ओपीडीत हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी जणी दोन्ही गोळ्या रात्री एका घोटात, आणि तो घोटही दुधाचा, अशा घेत असतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून चार तासांचं अंतर. एका दिवसाचं वेळापत्रक असं बसतं: सकाळी ६ ला उपाशीपोटी थायरॉइड, दुपारी १ च्या जेवणाबरोबर कॅल्शियम, ४ वाजता लिंबूपाण्याबरोबर लोह (चहा तासभर पुढे ढकला), रात्री ८ च्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम.

मेडिकलमधून घेतलेल्या गोळीवर १२५० लिहिलंय, ती जास्त स्ट्राँग आहे का?

नाही. तो आकडा कार्बोनेटचा आहे. कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून १२५० ची गोळी म्हणजे ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम, सरकारी गोळीइतकंच. सायट्रेटमध्ये फक्त २१ टक्के, म्हणजे "कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ." लिहिलेल्या महागड्या गोळीतून मिळतात २१०. पाकिटावर बारीक अक्षरात "एलिमेंटल कॅल्शियम" किती लिहिलंय तोच आकडा मोजायचा. सायट्रेट वाईट नाही, ते पोटावर हलकं आहे आणि उपाशीपोटीही चालतं. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल वगैरे घेणाऱ्या बायकांना डॉक्टर मुद्दाम तेच देतात कारण ॲसिड कमी असताना कार्बोनेट नीट विरघळत नाही. कार्बोनेटने बद्धकोष्ठ किंवा गॅस होत असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना हे बदलून मागा.

बीपी वाढू नये म्हणून कॅल्शियम देतात म्हणे?

हो, आणि गोळीचं हे कारण बायकांना कोणी सांगतच नाही. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम फार कमी आहे त्यांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातलं वाढलेलं बीपी आणि त्यासोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा लिव्हर-किडनीवर ताण, याचा धोका गोळीने कमी होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा भागांत दिवसाला १.५ ते २ ग्रॅम सुचवत आलीय. पण बंगळुरू आणि टांझानियातल्या मिळून २२,००० बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात प्रीएक्लॅम्प्सियासाठी रोजची ५०० ची एक गोळी १५०० इतकीच कामाची निघाली. माझ्यासाठी ही फार मोठी बातमी होती, कारण तीन गोळ्या कोणी घेत नाही, एक घेतली जाते. तुम्हाला दोन लिहून दिल्या असतील तर दोनच घ्या, पण एखादी चुकली तर सगळं बिघडलं म्हणून दोन्ही सोडून देऊ नका.

पानाचा चुना, गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यात घालून?

व्हॉट्सॲपवर हे इतकं फिरतं की शिकलेल्या घरातूनही विचारतात. करू नका. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो दाहक आहे, तोंड-अन्ननलिका भाजते, त्यात शिसं किंवा दुसरी भेसळ किती आहे कोणी तपासलेली नसते. आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यातून शुद्ध धरला तरी मिळणार काय, अर्ध्या कप चहातल्या दुधाइतकंच. ज्या दह्यात घालता त्या वाटीभर दह्यातच कितीतरी जास्त कॅल्शियम आहे, तेवढं दही खा.

व्हिटॅमिन डीची टेस्ट सगळ्यांनी करायची का? आणि ती ६०,००० ची पुडी?

सगळ्यांनी नाही. टेस्ट महाग आहे आणि रोजचा साधा डोस टेस्ट न करताही सुरक्षित आहे. अंगदुखी, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर न येणं, जिना चढताना कठडा धरावा लागणं, नडगीचं हाड दाबल्यावर दुखणं, किंवा आधीच्या बाळाला जन्मल्यावर कॅल्शियम कमी होऊन झटके आले होते, असं काही असेल तर डॉक्टर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ही तपासणी सांगतात. २० च्या खाली आलं तर सहसा कमी धरतात.

६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्याची असते आणि ठरावीक आठवड्यांचीच. चूक होते ती इथे, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हीसुद्धा रोज घेतली जाते, किंवा कोर्स संपल्यावर मेडिकलवाल्याकडून तीच पट्टी परत आणली जाते. डी चरबीत साठतं, लघवीतून निघून जात नाही. जास्त झालं की सतत तहान, खूप लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि गरोदरपणात ही सगळी लक्षणं अशीही असतातच त्यामुळे लक्षातच येत नाही. म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा, उदाहरणार्थ फक्त रविवार. सहा लाख आययूचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर आधी तुमच्या प्रसूतीतज्ज्ञांना विचारा, गरोदरपणात एकदम एवढा डोस टाळतात.

रात्री पायात गोळे येतात, कॅल्शियम कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. गोळे शेवटच्या महिन्यांत भरपूर कॅल्शियम घेणाऱ्यांनाही येतात आणि कॅल्शियमने ते थांबतात याला चांगला पुरावा नाही. झोपण्याआधी पोटरी ताणा, गोळा आला की पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा. एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणं असेल तर मात्र लगेच दाखवा, तिथे रक्ताची गुठळी असू शकते.

बाळंत झाल्यावर गोळ्या बंद करायच्या ना?

अजिबात नाही, उलट तेव्हा गरज वाढते. सहा महिने दोन गोळ्या चालूच. दूध पाजताना आईच्या हाडातून कॅल्शियम कमी होतंच, कितीही खाल्लं तरी थोडं होतं, आणि पाजणं कमी झाल्यावर पुढच्या महिन्यांत हाडं ते भरून काढतात. म्हणूनच लगेच दुसरे दिवस राहिले तर भरून यायला वेळच मिळत नाही. अळिवाचे, डिंकाचे लाडू चांगले आहेत, पण दिवसाला एका लाडवात गोळीइतकं कॅल्शियम नसतं.

आणि बाळाचं व्हिटॅमिन डी. कॅल्शियम आईच्या दुधात व्यवस्थित असतं, डी मात्र जवळजवळ नसतं, मग आई कितीही सकस खाऊ दे. बाळ पोटात असताना आईकडून जेवढं घेऊन आलं तेवढंच, आणि आईकडेच कमी होतं तर बाळ रिकाम्या हातानेच येतं. त्यात आपल्याकडे सव्वा महिना आई-बाळ खोलीत. म्हणून पहिल्या दिवसांपासून वर्षाचं होईपर्यंत बाळाला रोज ४०० आययूचे थेंब. बाजारात १ मिलीत ४०० वाली बाटलीही मिळते आणि ८०० वालीही, म्हणजे एकीचं १ मिली तर दुसरीचं अर्धा मिली. बाटली बदलली की ड्रॉपरवरची खूण नव्याने बघून घ्या, आणि बाळाला आजी देत असतील तर त्यांना ती खूण बोट ठेवून दाखवा.